कथेवर मत हवंय: भांडणाच्या आदल्या रात्री दोघांनीही चोरून टॅरो काढले, आणि पत्ते तेच निघाले. पटतं का?

जुळे_सोलापूरकरीण

एक लघुकथा लिहिते आहे. एका जागी अडकले आहे, म्हणून थोडक्यात गोष्ट सांगते.

रेवती आणि महेश, लग्नाला नऊ वर्षं झालेली. पूर्व भागात महेशच्या वडिलांचा आठ यंत्रमागांचा कारखाना. टॉवेलचा धंदा बसत चाललाय. महेशनं माग भंगारात द्यायचं ठरवलंय, व्यापाऱ्याकडून इसारही घेतलाय, पण घरी बोललेला नाही. रेवतीनं पुण्यातली नोकरी स्वीकारली आहे, तीही बोललेली नाही. रविवारी सकाळी सासरे गावाला जाणार, तेव्हा दोघंही बोलणार आहेत. हे आपापल्या मनात ठरलेलं, एकमेकांना माहीत नाही.

शनिवारची रात्र पाणी येण्याची. दीड वाजता रेवती टाकी भरायला उठते आणि पाणी चढेपर्यंत स्वयंपाकघरात तीन टॅरो काढते. भूतकाळ, वर्तमान, उद्या. ती झोपल्यावर महेश उठतो. दिवसा तो या पत्त्यांची टर उडवतो, पण त्या रात्री तोही तोच डबा उघडून तीन पत्ते काढतो.

मला दोघांना तेच तीन पत्ते द्यायचे आहेत, पण उलट्या क्रमानं. तिला: दोन कप, दोन तलवारी, पाच काठ्या. त्याला: पाच काठ्या, दोन तलवारी, दोन कप. म्हणजे प्रेमाकडून भांडणाकडे चाललोय असं समजून ती झोपते, आणि भांडणाकडून प्रेमाकडे चाललोय असं समजून तो झोपतो. सकाळी ती चिलखत घालून बसलेली, तो हसत चहा घेऊन आलेला. त्या हसण्यावरूनच पेटतं.

मैत्रिणीला वाचायला दिली तर ती म्हणाली, "हे फारच जुळवून आणलंय." तुम्हाला काय वाटतं? असा योगायोग कथेत चालेल का?

होटगी_नाका

आमच्याकडे पत्ते म्हणजे रमी आणि बदाम सात. गणपतीत जागरणाला रात्र रात्र बसतो. एका जोडात तेच तीन पत्ते दोघांना येणं अवघड नाही ओ, पिसायला कंटाळा केला की आधीच्या डावाचे सेट जसेच्या तसे येतात. आमचा एक मित्र पिसतोच असा की तिर्री-चव्वी-पंजा चिकटून राहतात. त्याच्यानंतर कोणी काटल्याशिवाय वाटू देत नाही आम्ही.

पण नवरा-बायको रात्री एकटे एकटे रमी कशी खेळतील ते समजलं नाही.

विजापूर_वेस

@होटगी_नाका, टॅरो म्हणजे भविष्य बघायचे पत्ते. रमीचे नव्हेत.

गणिताचा_मास्तर

मैत्रीण बरोबर म्हणते आहे. टॅरोत ७८ पत्ते असतात. पहिला जुळायची शक्यता ७८ मध्ये एक, दुसरा पुन्हा ७८ मध्ये एक, तिसरा पुन्हा तसाच. गुणाकार केला तर ४,७४,५५२ मध्ये एक. चार लाखांत एकदा होणारी गोष्ट कथेचा कणा होऊ शकत नाही. एखादा पत्ता समान ठेवा, तेवढं वाचक मानेल.

अठ्ठ्याहत्तर

मी बरीच वर्षं टॅरो काढते, दुसऱ्यांसाठीही काढते. मास्तर, एक दुरुस्ती. काढलेला पत्ता परत गठ्ठ्यात जात नाही, म्हणून ७८, मग ७७, मग ७६. ठरावीक क्रमानं तेच तीन येण्याची शक्यता ४,५६,४५६ मध्ये एक. क्रम कसाही चालणार असेल तर ७६,०७६ मध्ये एक. आणि तीनातला किमान एक पत्ता दोघांना समान येणं शंभरातल्या अकरा वेळा घडतं, ते काही नवल नाही.

पण हे सगळं पत्ते नीट पिसले तर. इथे दोघं एकच गठ्ठा वापरतात, तोही एकाच रात्री, दोन तासांच्या अंतरानं. मग योगायोगाची गरजच काय?

रेवती काय करते ते डोळ्यांसमोर आणा. पिसते. वरून पहिला पत्ता काढून डावीकडे ठेवते: दोन कप. दुसरा मध्ये: दोन तलवारी. तिसरा उजवीकडे: पाच काठ्या. बघून झाल्यावर डावीकडून एकेक उचलून गठ्ठ्यावर ठेवते. आधी कप, त्यावर तलवारी, सगळ्यात वर काठ्या. गठ्ठा डब्यात.

आता महेश येतो आणि न पिसता वरून तीन पत्ते घेतो. त्याला पहिला पाच काठ्या, मग दोन तलवारी, मग दोन कप. तुम्हाला हवा तो उलटा क्रम आपोआप आला. लाखात एक राहिलं नाही, न पिसल्याचा साधा परिणाम झाला. होटगी_नाका रमीबद्दल जे म्हणाले तेच इथे घडतंय, त्यांचा प्रतिसाद अगदी विषयाला धरून आहे.

होटगी_नाका

बघा! 😄

जुळे_सोलापूरकरीण

अठ्ठ्याहत्तर, हे वाचून कागदाचे तीन तुकडे घेऊन करून बघितलं. खरंच तसंच येतं. पण महेश पिसणार का नाही? नवखा माणूससुद्धा पत्ते हातात आले की आधी पिसतो.

अठ्ठ्याहत्तर

नवखा असला तरच पिसत नाही. टॅरोचे पत्ते नेहमीच्या पत्त्यांपेक्षा मोठे, रुंद. सवय नसेल तर हातात मावत नाहीत, निसटतात, फरशीवर आवाज होतो. शेजारच्या खोलीत बायको नुकतीच झोपलेली आणि वडिलांची झोप सावध. त्यातून त्याच्या मनात असंही असू शकतं की हे तिचे पत्ते आहेत, तिनं पिसूनच ठेवले असतील, आपण क्रम बिघडवायला नको. हे एक वाक्य कथेत आलं तर वाचक शंका घेणार नाही, आणि महेशचा स्वभावही कळेल.

गणिताचा_मास्तर

दुरुस्ती मान्य. भर घालतो. त्यानं थोडंसं पिसलं तरी तुमची गोष्ट पूर्ण मोडत नाही. आपण हातात घेऊन मागचे पुढे टाकतो तसं पिसताना पत्ते झुबक्यांनी हलतात, झुबक्याच्या आतला क्रम तसाच राहतो. बेयर आणि डायकोनिस या दोन गणितज्ञांनी १९९२ साली दाखवलं की ५२ पत्त्यांचा जोड दोन भाग करून फरफर मिसळण्याच्या पद्धतीनं साधारण सात वेळा पिसावा लागतो, तेव्हा कुठे तो चांगला मिसळतो. ७८ पत्त्यांना आणखी एक-दोनदा. झुबक्यांनी पिसायच्या पद्धतीला तर त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

अठ्ठ्याहत्तर

झुबक्यांचं खरं आहे, पण तसं पिसलं तर ते तिघे एकत्र राहिले तरी वर राहणार नाहीत. गठ्ठ्याच्या मध्ये किंवा तळाशी जातील, महेशच्या हाती लागणार नाहीत. कथेसाठी अजिबात न पिसणंच बरं.

स्पष्टवक्ती

माफ करा, पण माझा मूळ मुद्द्यावरच आक्षेप आहे. कथेत पत्ते खरे ठरतात ना? पत्त्यांनी भांडण सांगितलं, भांडण झालं. उद्या कोणी वाचून म्हणेल, बघा टॅरो बरोबर सांगतं. आपल्याकडे आधीच कमी का आहेत हे प्रकार.

जुळे_सोलापूरकरीण

@स्पष्टवक्ती, पत्ते खरे ठरत नाहीत. एकाच तीन पत्त्यांनी दोघांना दोन विरुद्ध गोष्टी सांगितल्या, दोन्ही एकदम खऱ्या असू शकत नाहीत. भांडण पत्त्यांनी सांगितलं म्हणून होत नाही. ती भांडण धरून बसली आणि तो समेट धरून आला, म्हणून ते जास्त चिघळतं. कुणीच पत्ते काढले नसते तरी माग आणि नोकरी यावरून वाद झालाच असता. पण वेगळा झाला असता.

स्पष्टवक्ती

हे कथेत दिसलं पाहिजे. वाचकाला पत्ते परत ठेवताना दाखवा, म्हणजे त्याला कळेल की यात दैवी काही नाही.

अण्णा_सिद्धेश्वर_पेठ

आमच्या लहानपणी जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत पोपटवाला बसायचा. पोपट पिंजऱ्यातून येऊन चोचीनं पाकीट ओढायचा. माझ्या आत्यानं आणि तिच्या नवऱ्यानं एकाच दिवशी, पण वेगवेगळ्या वेळी जाऊन चिठ्ठी काढून घेतली होती. ते आम्हाला फार वर्षांनी कळलं. दोघांनाही "घरात समाधान राहील" असंच निघालं. मी पोपटवाल्याकडे नंतर बराच वेळ उभा राहून बघितलं आहे, तो वाचून झालेलं पाकीट परत पुढच्याच बाजूला खोचायचा. तुमच्या कथेतला प्रकार वाचून ते आठवलं.

आत्याच्या घरी समाधान मात्र नव्हतं.

विजापूर_वेस

मी स्वतःचा अनुभव सांगते. माझ्याकडे पत्ते आहेत. नणंदेशी पैशावरून बोलायचं होतं, आदल्या रात्री एकच पत्ता काढला. टॉवर आला. वीज पडलेला मनोरा, माणसं खाली कोसळतायत. मी इतकी घाबरले की दुसऱ्या दिवशी बोललेच नाही. मग ते पैसे तसेच राहिले आणि पुढे जास्त वाईट झालं. रेवतीला पाच काठ्यांऐवजी टॉवर द्या. पाच काठ्यांत काही दम वाटत नाही, पाच पोरं खेळल्यासारखी काठ्या घेऊन उभी आहेत.

अठ्ठ्याहत्तर

विजापूर_वेस, तुम्ही म्हणालात "खेळल्यासारखी", आणि मला वाटतं सगळी कथा तिथेच आहे.

आपण बहुतेक जण जे पत्ते वापरतो ते वेट यांच्या कल्पनेवरून पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीनं काढलेले, १९०९ सालचे. पाच काठ्यांच्या चित्रात पाच तरुण काठ्या उगारून आहेत, पण एकालाही लागलेलं नाही, रक्त नाही, कुणी पडलेलं नाही. आजचे टॅरोवाले याला सरसकट भांडण म्हणतात. खुद्द वेट यांनी मात्र त्याचा अर्थ लुटुपुटुची लढाई असा दिला आहे, आणि जोडीला पैशासाठीची चुरस. भांडणतंटा, कोर्टकचेरी हे त्यांनी पत्ता उलटा आला तर सांगितलंय.

दोन तलवारींचं तर आणखी गमतीशीर. डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई, छातीवर दोन तलवारींची फुली, मागे समुद्र आणि चंद्रकोर. आज कुणालाही विचारा, सांगतील: निर्णय अडलाय, माणूस बघायला तयार नाही. वेट यांच्या अर्थात मात्र तोल, मैत्री, शस्त्रं हातात असूनही असलेला सलोखा, इतकंच नाही तर जवळीकसुद्धा आहे.

आता रेवती शिकली असेल इंटरनेटवरून. ती चित्र बघून वाचणार: अडलेला निर्णय, मग भांडण. महेशला काहीच येत नाही. तो डब्यातली छोटी पुस्तिका काढून मोबाइलच्या उजेडात वाचणार. अशा पुस्तिकांत बहुतेक वेट यांचेच जुने अर्थ दोन-तीन शब्दांत असतात. त्याला दिसणार: लुटुपुटुची लढाई, मैत्री, प्रेम. क्रम उलटा केला नसता तरी त्याचं भविष्य तिच्यापेक्षा चांगलं निघालं असतं. म्हणून टॉवर नको. टॉवर कुणीही वाचला तरी वाईटच दिसतो, दोघांत फरक पडायला जागा राहत नाही.

जुळे_सोलापूरकरीण

हे मला माहीतच नव्हतं आणि आता ते सोडवत नाही. पुस्तिका घेतेच. सकाळचा प्रसंग तसा लिहून बघितला, थोडा इथे देते:

*महेशनं दोन कप आणले आणि एक तिच्यापुढं सरकवला. बशीत खारी होती. नऊ वर्षांत त्यानं खारी बशीत काढून दिलेली तिला आठवेना.*
*"काय झालं?" ती म्हणाली.*
*"कुठं काय? बोलायचं होतं जरा. तू काही टेन्शन घेऊ नको, आपलं सगळं नीट होणारे."*
*"तुला कुणी सांगितलं?"*
*तो थांबला. "कुणी कशाला सांगायला पाहिजे?"*
*"मग माहितीय असल्यासारखा काय हसायलास?"*
*"हसू पण नको का आता? माग विकायलोय मी, रेवती. इसार घेतलाय. तरी हसतोय ना?"*
*तिनं कप खाली ठेवला. चहा सांडला तो तिनं पुसला नाही.*

होटगी_नाका

"हसायलास" वाचून घरात बसल्यासारखं वाटलं. इसाराची बातमी मात्र फार लवकर फुटली. सोलापूरचा माणूस आधी पाण्यावर, उन्हावर, मग जेवणावर बोलेल आणि मग मागांवर येईल. आमचे शेजारी माग विकून आले तर तीन दिवस नुसतं "झालं एकदाचं" म्हणत होते. कशाचं काय ते बायकोला चौथ्या दिवशी कळलं.

स्पष्टवक्ती

मला उलट आवडलं. हसण्याचं समर्थन करताना त्याच्या तोंडून निघून गेलंय ते, ठरवून सांगितलेलं नाही. कथेत एवढी घाई चालते.

गणिताचा_मास्तर

एक शंका. पत्ते सुलटे-उलटे येण्याचं काय? महेशनं गठ्ठा डब्यातून दुसऱ्या टोकानं काढला तर त्याला तिन्ही पत्ते डोक्यावर उभे दिसतील. मग पुस्तिकेतला अर्थ बदलला.

अठ्ठ्याहत्तर

बरोबर. आणखी एक. पत्ता पुस्तकाच्या पानासारखा बाजूनं उलटला तर सुलटा राहतो, आपल्याकडून पलीकडे उलटला तर चित्र उलटं येतं. नवखे लोक कधी असं, कधी तसं करतात. महेशला पाच काठ्या उलट्या आल्या तर वेट यांच्या हिशोबानं ती कज्जेदलाली होईल, आणि तुमचा हसरा महेश गेला. म्हणून त्याला पत्ते बाजूनंच उलटू द्या, किंवा उलटसुलट हा विषयच काढू नका. खूप टॅरोवालेही उलटा पत्ता सरळ करून वाचतात. दोन तलवारींबाबत मात्र मोह होतो, डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई डोक्यावर उभी... पण नको. एका कथेत एकच क्लृप्ती पुरे.

अण्णा_सिद्धेश्वर_पेठ

त्या दोघांना शेवटी कळतं का, की दोघांनीही काढले? मला तेवढं सांगा. आत्याला नवरा वारल्यावर कळलं. तेव्हा ती फार रडली, मग म्हणाली, "मला सांगितलं असतं तर दोघं मिळून गेलो असतो." कळलं पाहिजे असं माझं मत आहे.

विजापूर_वेस

कळू नये. कळलं की समेट झाला, मग कथा गोड होते.

जुळे_सोलापूरकरीण

अण्णा, हेच ठरत नव्हतं. कळायला काही खूण हवी. पुस्तिका उघडी राहिली, मोबाइलचा उजेड दिसला, हे सगळं लिहून खोडलं. पोलिसी तपासासारखं वाटत होतं.

अठ्ठ्याहत्तर

खूण गठ्ठ्यातच आहे. रेवतीनं ठेवलं तेव्हा सगळ्यात वर पाच काठ्या होत्या. महेशनं तीन पत्ते डावीकडून मांडले: काठ्या, तलवारी, कप. परत ठेवताना त्यानंही तिच्यासारखंच डावीकडून एकेक उचललं, तर आधी काठ्या जातील, मग तलवारी, आणि वर येईल दोन कप. भांडणानंतर रेवती डबा उघडेल तर वर कप. तिला पक्कं आठवतंय की शेवटी हातातून काठ्या सुटल्या होत्या, कारण तोच पत्ता तिला रात्रभर छळत होता. घरात तिसरं माणूस म्हणजे सासरे, ते या पत्त्यांना हात लावणार नाहीत. दुसरा काही पुरावा लागत नाही.

मात्र त्यानं तिन्ही पत्ते एकदम सरकवून गोळा केले तर डावीकडचा वर राहतो की खाली, ते हाताच्या सवयीवर जाईल. म्हणून त्याचं एकेक उचलणं आधीच्या प्रसंगात दिसायला हवं.

गणिताचा_मास्तर

कागदावर मांडून पाहिलं. बरोबर आहे. दोनदा उलटल्यामुळे गठ्ठा रेवतीनं पिसून ठेवला होता त्या मूळ क्रमात परत येतो. म्हणजे तिनं पुन्हा तीन पत्ते काढले तर तिला तिचेच, त्याच क्रमानं येतील: कप, तलवारी, काठ्या.

स्पष्टवक्ती

मग तिनं पुन्हा काढावेत का नाही? काढले तर तिला वाटेल पत्ते बरोबरच सांगतायत, दोनदा तेच आले. वर कप दिसून ती तिथेच थांबली तरच तिला महेश कळेल. मला वाटतं तिनं फक्त वरचा बघावा.

विजापूर_वेस

मी असते तर तिन्ही काढले असते. घाबरलेला माणूस एकावर थांबत नाही.

जुळे_सोलापूरकरीण

दोन्ही लिहून बघते. वरचा पत्ता दिसतो हे नक्की, आणि महेश एकेक उचलताना दिसेल हेही नक्की. ती पुढे हात घालते की डबा बंद करते, ते अजून माझं ठरत नाही. होटगी_नाका, इसार चौथ्या दिवसापर्यंत लांबवता येणार नाही, पण आधी पाण्यावर थोडं बोलू देते त्यांना.

होटगी_नाका

टाकी किती भरली ते विचारू द्या त्याला. म्हणजे ती रात्री किती वाजता उठली होती ते आपोआप निघेल, आणि त्याचं काय, तो जागा कसा होता, हेही तिच्या लक्षात येईल.